गेटवरचे फुटेज आणि ग्रुपमध्ये न उघडलेली फाइल

मार्च महिन्यातल्या एका पहाटे पाण्याचा टँकर आमच्या सोसायटीत मागे घेताना गेटच्या डाव्या खांबावर आदळला. खांबाला उभी भेग पडली, गेटची खालची बिजागरी वाकली आणि खांबालगत उभी असलेली एका सभासदांची स्कूटर आडवी होऊन तिचा हेडलाइट फुटला. वॉचमन त्या वेळी मागच्या बाजूला पंप सुरू करायला गेले होते. ते परत आले तेव्हा टँकर रिकामा होऊन निघून गेला होता. सकाळी टँकरच्या मालकांना फोन केला, तेव्हा त्यांनी सांगितले की गाडीला काही लागलेले नाही आणि चालकही तसे काही म्हणाला नाही. सोसायटीची सचिव या नात्याने ते फुटेज काढून संबंधितांना पाठवणे माझ्याकडे आले. गेटवर कॅमेरा आहे, त्यात सगळे दिसतच असेल, तेव्हा हे काम अर्ध्या तासाचे आहे असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात त्याला तीन दिवस लागले, आणि ते का लागले हे नीट लिहून ठेवावे असे मला वाटते, कारण कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा आमच्यासारखा डीव्हीआर आज जवळजवळ प्रत्येक सोसायटीत आणि दुकानात आहे.

पहिल्या दिवशी मी कॅमेरे बसवणाऱ्या तंत्रज्ञांना फोनवर विचारून डीव्हीआरच्या बॅकअप मेनूत गेले, गेटचा कॅमेरा क्रमांक 3 निवडला, पहाटे 5:30 ते 6:30 अशी वेळ भरली आणि पेनड्राइव्हवर फाइल घेतली. फाइल सुमारे 900 एमबीची निघाली. हा आकडा अचानक आलेला नाही. आमचे कॅमेरे प्रत्येकी साधारण 2 मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने चित्र साठवतात. त्याला एका तासाच्या 3,600 सेकंदांनी गुणून आठाने भागले, की 900 मेगाबाइट येतात. फाइलच्या नावाच्या शेवटी `.dav` असे होते, आणि तिच्या शेजारी डीव्हीआरने स्वतःहून एक छोटा प्लेअरही पेनड्राइव्हवर टाकला होता. त्या प्लेअरमध्ये माझ्या संगणकावर फुटेज स्वच्छ चालले. टँकर मागे येतो, थांबतो, पुन्हा मागे येतो आणि खांब हलतो, हे सगळे डोळ्यांसमोर दिसले. मी समाधानाने ती फाइल कमिटीच्या चॅट ग्रुपमध्ये टाकायला घेतली.

ग्रुपमध्ये ती व्हिडिओ म्हणून जाईचना. फोनच्या गॅलरीत ती दिसतच नव्हती, त्यामुळे व्हिडिओ निवडण्याच्या यादीतही ती नव्हती. शेवटी मी ती डॉक्युमेंट म्हणून जोडली. वायफायवर बराच वेळ लागून ती गेली खरी, पण तिच्या जागी सगळ्यांना एक राखाडी चौकट, फाइलचे नाव आणि आकार एवढेच दिसले. अध्यक्षांनी ती उतरवून घेतली, तर फोनने सांगितले की ही फाइल उघडू शकेल असे ॲप सापडत नाही. खजिनदार लॅपटॉपवर होत्या, त्यांच्याकडेही तोच प्रकार झाला. एका सभासदांनी माझ्याकडून प्लेअर मागून घेतला. तो विंडोजवर चालणारा प्रोग्राम होता, म्हणजे फोनवर त्याचा काही उपयोग नव्हता, आणि चॅटमधून आलेला अनोळखी प्रोग्राम आपल्या संगणकावर चालवा असे मी कोणालाच सांगू इच्छित नव्हते.

गंमत म्हणावी की खंत हे मला आजही ठरवता येत नाही, पण त्याच दुपारी सर्वांना दिसलेला व्हिडिओ वेगळाच होता. वॉचमननी डीव्हीआरच्या स्क्रीनसमोर स्वतःचा फोन धरून त्यावर चाललेले फुटेज चित्रित केले होते आणि ते ग्रुपमध्ये टाकले होते. ते प्रत्येकाच्या फोनवर एका स्पर्शात उघडले. त्यात स्क्रीनवरचे वेडेवाकडे पट्टे होते, हात हलत होता, टँकर ओळखू येत होता, पण नंबर प्लेट म्हणजे एक पांढरा ठिपका होता. त्यांचे काम बिनचूक होते, कारण बघणाऱ्यांपर्यंत दृश्य पोहोचवणे त्यांना जमले होते आणि मला जमले नव्हते. पण टँकरमालकांना त्यांची गाडी कोणती हे त्यातून पटवून देता येणार नव्हते.

चॅट ॲप व्हिडिओचे नेमके काय करते, हे मला त्या रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुण शेजाऱ्यांनी समजावून सांगितले. ते व्हिडिओ संकलनाचे काम करतात. आपण एखादा व्हिडिओ व्हिडिओ म्हणून पाठवतो, तेव्हा चॅट ॲप तो जसाच्या तसा पाठवत नाही. पाठवणाऱ्याच्याच फोनवर ते तो वाचते, लहान करते, सर्वत्र चालेल अशा ठरावीक साच्यात नव्याने घडवते आणि मग पुढे धाडते. वॉचमनच्या फोनने चित्रित केलेला व्हिडिओ त्यांच्या फोनला वाचता येत होता, म्हणून हे सगळे आपोआप घडले. माझी `.dav` फाइल माझ्या फोनला वाचताच येत नव्हती, म्हणून ॲपला ती घडवता आली नाही, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवताना ॲप फाइलला हातच लावत नाही. ते टपालवाल्यासारखे बंद पाकीट पोहोचवते. पाकिटातला मजकूर वाचता येणे ही मग पूर्णपणे घेणाऱ्याच्या यंत्राची जबाबदारी होते.

त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त उपयोगी पडली. व्हिडिओ फाइल म्हणजे एक डबा आणि त्यातला पदार्थ. डबा म्हणजे फाइलची बाहेरची मांडणी, म्हणजे चित्रे कोणत्या क्रमाने आहेत, वेळ कुठे लिहिली आहे, आवाज आहे की नाही याची नोंद. `.mp4`, `.mkv`, `.avi` ही अशा डब्यांची नावे आहेत. पदार्थ म्हणजे प्रत्यक्ष चित्रे ज्या पद्धतीने दाबून लहान केलेली असतात ती पद्धत, जिला कोडेक म्हणतात. H.264 आणि H.265 ही कोडेकची नावे आहेत. आमच्या डीव्हीआरचा डबा खास त्या प्रकारच्या यंत्रांपुरता आहे. फाइल कच्च्या स्वरूपात उघडून पाहिली, तर तिची सुरुवातच `DHAV` या चार अक्षरांनी होते. फोनमधल्या सर्वसाधारण प्लेअरला हा डबा माहीत नसतो, म्हणून तो आत काय आहे हे पाहण्यापूर्वीच माघार घेतो.

मी तोवर एक उपाय करून पाहिला होता. फाइलचे नाव बदलून शेवटी `.dav` ऐवजी `.mp4` लिहिले होते. त्याने एवढेच झाले की गॅलरीत ती फाइल दिसू लागली आणि उघडल्यावर व्हिडिओ खराब असल्याचा संदेश आला. डब्यावरची चिठ्ठी बदलली होती, डबा तोच होता. फाइल बिघडली आहे असा गैरसमज ग्रुपमध्ये याच प्रयोगामुळे पसरला, आणि तो दूर करायला मला बराच वेळ लागला. नाव बदलल्यामुळे आतला एकही बाइट बदलत नाही, म्हणून फाइल खराबही होत नाही आणि सुधारतही नाही.

डबा खरोखर बदलण्यासाठी शेजाऱ्यांनी `ffmpeg` हा मोफत प्रोग्राम वापरला. तो `.dav` वाचू शकतो. पहिल्या पायरीत चित्रांना हात न लावता ती फक्त नव्या डब्यात ठेवली:

```
ffmpeg -i ch03.dav -an -c copy ch03.mp4
```

`-c copy` म्हणजे आतला पदार्थ आहे तसाच उचलून ठेवा, आणि `-an` म्हणजे आवाज घेऊ नका. आमच्या कॅमेऱ्यांना माइक नाही, त्यामुळे आवाजाचा प्रश्नच नव्हता. एका तासाचे फुटेज काही सेकंदांत नव्या डब्यात आले, कारण नव्याने काहीच घडवायचे नव्हते. आता हे सर्वांकडे चालेल अशी माझी खात्री झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातला एका मिनिटाचा तुकडा मी ग्रुपमध्ये डॉक्युमेंट म्हणून टाकला.

या वेळी उत्तरे वेगवेगळी आली, आणि त्यामुळे गोंधळ वाढला. दोघांना व्हिडिओ नीट दिसला. अध्यक्षांच्या जुन्या फोनवर काळा पडदा दिसत होता आणि खालची वेळेची पट्टी मात्र पुढे सरकत होती. खजिनदारांच्या विंडोज 10 लॅपटॉपने सांगितले की हा व्हिडिओ चालवण्यासाठी वेगळे एक्स्टेन्शन घ्यावे लागेल. परदेशात असलेल्या एका सभासदांच्या आयफोनवर तो उघडलाच नाही. प्रत्येकाने आपापल्या अनुभवावरून सल्ला दिला, आणि सगळे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध होते. मला आता वाटते की काळा पडदा आणि पुढे सरकणारी पट्टी ही एकत्र दिसणे हीच खरी खूण होती. पट्टी सरकते याचा अर्थ डबा उघडला आहे आणि वेळ वाचता येते आहे. पडदा काळा राहतो याचा अर्थ आतली चित्रे उलगडता येत नाहीत. फाइल अजिबात न उघडणे आणि उघडून काळी दिसणे ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

आत कोणता कोडेक आहे हे पाहण्यासाठी शेजाऱ्यांनी एक ओळ चालवली:

```
ffprobe -v error -show_entries stream=codec_name -of default=nw=1 ch03.mp4
```

उत्तर आले `codec_name=hevc`. हेच H.265 चे दुसरे नाव. डीव्हीआर हा कोडेक का वापरतो हे समजण्यासारखे आहे. तेवढ्याच दर्जाचे चित्र तो H.264 च्या मानाने बऱ्याच कमी जागेत ठेवतो, आणि दिवसरात्र चालणाऱ्या आठ कॅमेऱ्यांसाठी हार्ड डिस्कची जागा हीच मोठी अडचण असते. पण जे यंत्र चित्र उलगडणार, त्याच्यात त्या कोडेकची सोय असावी लागते, आणि जुने फोन, काही ब्राउझर आणि विंडोजची मूळ मांडणी यांत ती नसते. आयफोनची अडचण मात्र वेगळीच निघाली. त्या फोनला H.265 येते, पण `ffmpeg` ने डब्यावर त्या कोडेकची जी खूण लिहिली होती ती `hev1` होती आणि ॲपलच्या प्लेअरला `hvc1` अशी खूण लागते. पदार्थ ओळखीचा, चिठ्ठी मात्र अनोळखी, असा तो प्रकार. त्यासाठी `-tag:v hvc1` हा पर्याय आहे. पण एकाच फोनसाठी एक फाइल आणि दुसऱ्यासाठी दुसरी असा खेळ आम्हाला खेळायचा नव्हता.

म्हणून तिसऱ्या पायरीत चित्रे खरोखर नव्याने H.264 मध्ये घडवली, आणि तीही संपूर्ण तासाची नाही, तर फक्त घटनेच्या चाळीस सेकंदांची. फाइल पडद्यावरच्या घड्याळात 05:30:00 ला सुरू होत होती आणि धडक 05:46:31 ला दिसत होती, म्हणून धडकेच्या एकवीस सेकंद आधीपासून तुकडा घेतला:

```
ffmpeg -ss 00:16:10 -i ch03.mp4 -t 40 -an -c:v libx264 -crf 23 -pix_fmt yuv420p -movflags +faststart gate.mp4
```

यातल्या शेवटच्या दोन पर्यायांविषयी मी मुद्दाम विचारले. `-pix_fmt yuv420p` मुळे रंग अशा साध्या रीतीने लिहिले जातात की जुने प्लेअरही ते वाचतात. `+faststart` मुळे फाइलची अनुक्रमणिका शेवटाऐवजी सुरुवातीला येते. डब्यातल्या या अनुक्रमणिकेवरूनच प्लेअरला कळते की कोणते चित्र कुठे आहे. ती शेवटी असली, तर पूर्ण फाइल उतरेपर्यंत काही प्लेअर काहीच दाखवत नाहीत, आणि फाइल अर्धवट उतरली, तर ती उघडतच नाही. पेनड्राइव्ह घाईने काढल्यावर व्हिडिओ उघडेनासे होतात, त्यातही पुष्कळदा ही अनुक्रमणिका लिहायची राहून गेलेली असते.

हा तुकडा सुमारे 9 एमबीचा झाला आणि या वेळी ग्रुपमधल्या प्रत्येकाला तो दिसला. तासाच्या फाइलमधून एवढाच तुकडा काढण्यामागे आकाराशिवाय आणखी एक कारण होते, आणि मला ते आकाराहून मोठे वाटते. पहाटे साडेपाच ते साडेसहा या वेळात आमच्या गेटमधून कोण फिरायला जाते, कोण कामावर निघते, कोणाकडे कोण येते, हे सगळे त्या तासात आहे. त्यातल्या कोणाचाही टँकरशी संबंध नव्हता. पहिल्या दिवशी अनवधानाने ती पूर्ण फाइल मी ग्रुपमध्ये टाकली होती. तेव्हा ती कोणाला उघडली नाही हे बरेच झाले, आणि मी ती सर्वांसाठी काढून टाकली.

तुकडा सगळ्यांना दिसला, तरी नंबर प्लेट अजूनही वाचता येत नव्हती. कारण या वेळी मी तो व्हिडिओ म्हणून पाठवला होता, आणि ॲपने तो नेहमीप्रमाणे लहान केला होता. मूळ चित्राची रुंदी 1920 पिक्सेल होती आणि ग्रुपमध्ये पोहोचलेल्या प्रतीची 848. मूळ चित्रात टँकरची प्लेट सर्वात स्पष्ट असताना सुमारे 110 पिक्सेल रुंद होती, म्हणजे दहा अक्षरांच्या क्रमांकात प्रत्येक अक्षराच्या वाट्याला अकरा पिक्सेल येत होते. लहान केलेल्या प्रतीत तेच पाचच्या खाली आले. पाच पिक्सेलांत इंग्रजी 8 आणि B यांतला फरक उरत नाही. तिथे कितीही मोठे करून पाहिले तरी अक्षर परत येत नाही, ठोकळे मोठे दिसतात एवढेच.

तेव्हा शेजाऱ्यांनी जे सुचवले ते मला आधी फार साधे वाटले. व्हिडिओऐवजी त्यातली नेमकी तीन स्थिर चित्रे पाठवा, असे ते म्हणाले. मूळ फाइलमधून एखाद्या क्षणाचे चित्र काढण्याची ओळ अशी आहे:

```
ffmpeg -ss 00:16:31 -i ch03.mp4 -frames:v 1 gate_054631.png
```

कोणते क्षण घ्यायचे हे ठरवायला मात्र पाऊण तास लागला. तेव्हा अंधार होता आणि कॅमेरा इन्फ्रारेड दिव्यांवर चालत होता. गाडीच्या प्लेटवर प्रकाश परत फेकणारा थर असतो, त्यामुळे टँकर जवळ आला की ती प्लेट कॅमेऱ्याला नुसती झगझगीत पांढरी दिसत होती. खांबाला धडक बसते त्या क्षणाच्या चित्रात म्हणूनच क्रमांक नाही. तो वाचता येतो 05:46:22 च्या चित्रात, कारण तेव्हा टँकर तिरका होता आणि प्रकाश कॅमेऱ्याकडे सरळ परतत नव्हता. म्हणून पहिले चित्र क्रमांकाचे, दुसरे 05:46:31 चे, ज्यात टँकरचा मागचा कोपरा खांबाला टेकलेला आहे, आणि तिसरे 05:46:38 चे, ज्यात चालक खाली उतरून खांबाकडे पाहतो आहे. मधल्या काळात गाडी चौकटीबाहेर जात नाही, हे चाळीस सेकंदांच्या तुकड्यावरून सिद्ध होते, त्यामुळे पहिल्या चित्रातला क्रमांक आणि दुसऱ्या चित्रातली धडक एकाच गाडीची ठरतात. तिन्ही चित्रे डॉक्युमेंट म्हणून पाठवली, म्हणजे ॲपने त्यांना लहान केले नाही. ती कोणत्याही फोनवर उघडतात, कारण चित्र उघडण्यासाठी कोडेकचा असा प्रश्न येत नाही.

या चित्रांबरोबर मी एक लहानसा लेखी मजकूर जोडला, आणि टँकरमालकांशी झालेल्या पुढच्या बोलण्यात सर्वाधिक उपयोग त्याचाच झाला असे मी म्हणेन. कॅमेरा कोणता, तो कुठून कुठे पाहतो, कोणत्या सेकंदाला काय दिसते आणि कोणत्या चित्रात काय पाहायचे, एवढेच त्यात होते. तो लिहिताना एक चूक वेळीच सापडली. डीव्हीआरचे घड्याळ खऱ्या वेळेच्या सहा मिनिटे पुढे होते. टँकरमालकांच्या नोंदीत गाडी 5:45 ला आमच्याकडून बाहेर पडल्याचे लिहिलेले होते, आणि आमच्या पडद्यावर ती 05:46:31 ला खांबावर आदळत होती. हा फरक आम्ही आधी सांगितला नसता, तर फुटेज त्या दिवशीचे नाहीच असे म्हणायला त्यांना जागा मिळाली असती. मी डीव्हीआरच्या स्क्रीनवरचे घड्याळ आणि शेजारी धरलेला माझा फोन यांचे एकत्र छायाचित्र काढले आणि मजकुरात स्पष्ट लिहिले की पडद्यावरची वेळ सहा मिनिटे पुढे आहे, म्हणजे धडक प्रत्यक्षात 5 वाजून 40 मिनिटे 31 सेकंदांनी झाली. ही वेळ त्यांच्या नोंदीशी जुळली. त्यांनी मजकूर वाचला, तीन चित्रे पाहिली, चालकाशी बोलले आणि संध्याकाळी स्वतः येऊन खांब पाहून गेले. खांबाच्या दुरुस्तीचा खर्च त्यांनी दिला. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ त्यांनी शेवटपर्यंत उघडला की नाही हे मी विचारले नाही.

स्कूटरच्या विम्याचे काम वेगळ्या वाटेने गेले. सर्वेक्षकांना तुकडा मूळ दर्जात हवा होता आणि तो ईमेलने मागितला होता. जीमेलची जोडणीची मर्यादा 25 एमबी आहे, त्यामुळे 9 एमबीचा तुकडा जोडून गेला असता, पण त्यांना धडकेच्या आधीची पाच मिनिटेही पाहायची होती. पाच मिनिटे म्हणजे 2 मेगाबिटच्या हिशेबाने 75 एमबी. म्हणून गूगल ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवला. सर्वेक्षकांकडून तासाभरात परवानगी मागणारा मेल आला, कारण दुवा पाठवताना मी प्रवेश मर्यादितच ठेवला होता. दुवा पाठवल्यावर तो आपल्या खात्यातून बाहेर पडून, ब्राउझरच्या खासगी खिडकीत एकदा स्वतः उघडून पाहावा, ही सवय मला तेव्हापासून लागली. आपल्या खात्यातून तो नेहमी उघडतोच, त्यामुळे अडचण आपल्याला दिसत नाही. मी सर्वांसाठी तो खुला केला नाही. सर्वेक्षकांच्या पत्त्याला फक्त पाहण्याची परवानगी दिली आणि दावा मंजूर झाल्यावर ती काढून घेतली.

या सगळ्यात मूळ `.dav` फाइलचे काय करायचे, हा प्रश्न वकील असलेल्या एका सभासदांनी उपस्थित केला. प्रकरण पोलिसांत गेले नाही, पण गेले असते, तर ग्रुपमध्ये फिरलेला H.264 तुकडा पुरेसा ठरला नसता, कारण तो नव्याने घडवलेला आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 हा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना जोडायच्या प्रमाणपत्रात त्या नोंदीचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या सर्व बाइटांवरून काढलेला एक ठसा. एक बाइट बदलला तरी तो पूर्ण बदलतो. आम्ही मूळ फाइलचा ठसा त्याच दिवशी काढून इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवला. विंडोजवर तो असा काढता येतो:

```
certutil -hashfile ch03.dav SHA256
```

माझ्या कुतूहलाखातर मी नाव बदललेल्या प्रतीचा ठसा काढून पाहिला, तर तो मूळ फाइलच्या ठशाशी अक्षरशः जुळला. नव्या डब्यात ठेवलेल्या `ch03.mp4` चा मात्र जुळला नाही, जरी चित्रे तीच असली तरी. म्हणजे पाहण्यासाठी पाठवायची प्रत आणि जपून ठेवायची प्रत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकीने सगळीकडे उघडले पाहिजे आणि दुसरीला कोणीही हात लावता कामा नये. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घालून तो पाकिटात बंद केला आणि कार्यालयाच्या कपाटात ठेवला.

ती वेळेत काढली गेली हेही महत्त्वाचे होते. आठ कॅमेरे, प्रत्येकाचे ताशी 900 एमबी, म्हणजे दिवसाला सुमारे 173 जीबी. आमची डिस्क 2 टीबीची आहे, त्यामुळे साडेअकरा दिवसांनी डीव्हीआर जुन्यावर नवे लिहू लागतो. मूळ फाइल काढायला आम्ही दोन आठवडे लावले असते, तर मूळ चित्रणच उरले नसते.

पुढच्या कमिटी बैठकीत तंत्रज्ञांना बोलावून आम्ही बॅकअप मेनू पुन्हा पाहिला. त्यात फाइलचा प्रकार निवडायची एक ओळ होती, `DAV` आणि `MP4` अशी, आणि मी पहिल्या दिवशी ती वाचलीच नव्हती. मात्र `MP4` निवडले तरी आतला कोडेक H.265 च राहतो, हे तिथेच फाइल काढून तपासले. म्हणून गेटच्या एकाच कॅमेऱ्याचा कोडेक H.264 करावा आणि चित्राचा दर्जा टिकावा म्हणून त्याचा वेग 4 मेगाबिट करावा, असा प्रस्ताव मी मांडला. त्या कॅमेऱ्याचे दिवसाचे चित्रण 21.6 जीबीवरून 43.2 जीबीवर जाते आणि एकूण साठवण साडेअकराऐवजी सुमारे सव्वादहा दिवसांची होते. सव्वा दिवस कमी होणे खजिनदारांना पसंत नव्हते, कारण सुट्टीवरून परतलेले सभासद दहा दिवसांपूर्वीचे फुटेज मागतात असा त्यांचा अनुभव होता. शेवटी बदल मंजूर झाला तो या अटीवर की कोणतीही घटना लक्षात आल्यापासून दोन दिवसांत मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेतली जाईल. डीव्हीआरचे घड्याळही त्याच बैठकीत जुळवले.